वेगवेगळ्या टाइम झोनमधली टीम: मीटिंगचं रोटेशन कसं लावायचं, आणि त्याआधी काय करायचं

टीम दोन-तीन देशांत पसरली की बहुतेक टीम लीड पहिलं काम करतात ते मीटिंगची वेळ आळीपाळीने बदलण्याचं. एका आठवड्यात यांची गैरसोय, पुढच्या आठवड्यात त्यांची. दोन महिन्यांत ते मोडतं. कुणीतरी पहाटेची मीटिंग चुकवतं, त्याच मीटिंगमध्ये नेमका महत्त्वाचा निर्णय होतो, वाद होतो आणि सगळं पुन्हा लीडच्या सोयीच्या वेळेवर येऊन थांबतं.

चूक क्रमात आहे. निर्णय जोवर फक्त मीटिंगमध्ये होतात, तोवर मीटिंग चुकणं म्हणजे निर्णयातून बाहेर पडणं, आणि अशा स्थितीत वेळा कशाही फिरवल्या तरी कुणीतरी बाहेर राहणारच. म्हणून आधी निर्णय लेखी व्हायला हवेत, मग रोटेशन. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला एखादा टप्पा गाळू नका.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच टीम घेतली आहे: सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लीड धरून 5 जण, बर्लिनमध्ये 3, सिंगापूरमध्ये 2. हे मुद्दाम अवघड उदाहरण आहे, कारण या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी ऑफिसची वेळ कधीच नसते. तुमची टीम यापेक्षा सोपी असेल तर हिशोबही सोपा होईल, पण पद्धत तीच.

## टप्पा 1: माणसांच्या वेळांचा तक्ता करा

शहरांची नावं आणि त्यांच्यातला फरक लिहिला म्हणजे तक्ता झाला असं नाही. बर्लिनमधल्या एकाला सकाळी 7 ची मीटिंग सहज जमते, दुसऱ्याला त्याच वेळी मुलांना शाळेत सोडायचं असतं. कुणाला संध्याकाळी 7 पेक्षा रात्री 10 परवडते. हे शहरावरून कळत नाही, विचारावं लागतं.

विचारायची पद्धतही महत्त्वाची आहे. सगळ्यांसमोर कॉलवर "रात्री दहा चालेल ना?" असं विचारलंत, तर टीममध्ये नवीन असलेला माणूस "चालेल" म्हणणारच. प्रत्येकाला वेगळा मेसेज करा आणि त्याच्या दिवसाचे तास तीन प्रकारांत वाटून मागा: सोपे, कधीतरी चालतील असे, आणि पूर्ण बंद. "बंद" हा रकाना रिकामा ठेवायचा नाही, निदान झोपेचे तास तरी त्यात लिहा, असं स्पष्ट सांगा. नकार देणं हा फॉर्मचाच भाग झाला की तो देताना संकोच वाटत नाही.

मग सगळ्यांचे तास यूटीसीमध्ये आणून एकाखाली एक मांडा. उन्हाळ्यात, म्हणजे अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे घड्याळं पुढे असताना, सॅन फ्रान्सिस्को यूटीसीच्या 7 तास मागे, बर्लिन 2 तास पुढे आणि सिंगापूर 8 तास पुढे असतं. हिवाळ्यात पहिल्या दोन ठिकाणची घड्याळं एक तास मागे जातात. सिंगापूरचं घड्याळ वर्षभर तिथंच राहतं.

तपासणी: तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे किमान सलग 8 तास "बंद" दिसायला हवेत. एखाद्याने "मला कधीही चालेल" लिहिलं असेल तर ते उत्तर धरू नका, परत विचारा.

## टप्पा 2: कुठल्या मीटिंग राहणार ते ठरवा

रोटेशन लावायच्या आधी मीटिंग कमी करा, नाहीतर नको असलेल्या मीटिंगसाठीही कुणीतरी रात्री जागेल. कॅलेंडरमधल्या प्रत्येक मीटिंगसमोर एक प्रश्न लिहा: इथे लोक एकमेकांच्या बोलण्यावर काही बोलतात, की आळीपाळीने आपापलं सांगून गप्प बसतात? दुसऱ्या प्रकारची मीटिंग लेखी करा. रोजचा "काल काय केलं, आज काय करणार" हा कॉल जवळपास नेहमीच यात मोडतो.

उरतात त्या मतभेदाच्या, नव्या कामाच्या आखणीच्या आणि एकमेकांची ओळख टिकवण्याच्या मीटिंग. आपल्या उदाहरणातल्या टीमला आठवड्याला 45 मिनिटांची एकच सामायिक मीटिंग पुरते. बाकीची बोलणी दोन-दोन ठिकाणांत होऊ शकतात, कारण बर्लिनची सकाळ आणि सिंगापूरची दुपार जुळते, तसंच सॅन फ्रान्सिस्कोची संध्याकाळ आणि सिंगापूरची सकाळही जुळते.

## टप्पा 3: लिहिण्याची सवय लावा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो. किमान महिनाभर तरी द्या.

एका खोलीत बसणारी माणसं अर्धवट वाक्यांत बोलतात आणि समोरचा लगेच विचारून घेतो. टाइम झोन मध्ये आले की प्रत्येक "म्हणजे नक्की काय?" एक पूर्ण दिवस खातं. समजा, सॅन फ्रान्सिस्कोतून सकाळी 11 वाजता असा मेसेज गेला:

> हाय, लॉगिन पानाबद्दल बोलायचं होतं. वेळ आहे का?

सिंगापूरमध्ये तेव्हा पहाटेचे 2 वाजलेले असतात. तिथली सहकारी सकाळी उठून "हो, बोला ना" लिहिते, तेव्हा तिकडे संध्याकाळ झालेली असते. खरा प्रश्न तिच्यापर्यंत पोचायला दुसरा दिवस उजाडतो आणि तिचं उत्तर तिसऱ्या दिवशी वाचलं जातं. तोच मेसेज बुधवारी असा गेला असता तर?

> लॉगिन पानावरचा बदल पुढच्या मंगळवारी सोडायचा का, हे ठरवायचं आहे. जुन्या फोनवर पान उघडायला वेळ लागतोय, मोजमाप सोबतच्या नोंदीत आहे. माझं मत: जुन्या फोनसाठी बदल बंद ठेवावा आणि बाकीच्यांना द्यावा. मला तुमच्याकडून एकच हवंय: हे दोन भाग वेगळे करणं किती अवघड आहे? उत्तर शुक्रवार, यूटीसी 18:00 पर्यंत (तुमच्याकडे शनिवार पहाटे 2, म्हणजे तुमच्या शुक्रवारचं काम संपेपर्यंत).

हे लिहायला दहा मिनिटं जास्त लागतात आणि दोन दिवस वाचतात. यात काय ठरवायचं आहे ते पहिल्याच वाक्यात आहे, माहिती सोबत आहे, लिहिणाऱ्याचं मत उघड आहे, समोरच्याकडून नेमकं काय हवं ते सांगितलं आहे आणि मुदत वाचणाऱ्याच्या घड्याळात दिली आहे. टीमला नियमांची पानं वाचायला देण्यापेक्षा असे दोन नमुने शेजारी-शेजारी दाखवा.

काही शब्दांवर टीममध्ये सरळ बंदी घाला: "उद्या", "आज संध्याकाळपर्यंत", "दिवसअखेर". सॅन फ्रान्सिस्कोत गुरुवारी संध्याकाळी लिहिलेला "उद्या" सिंगापूरमध्ये आधीच सुरू झालेला असतो. वार आणि वेळ लिहा.

सावधान: ही सवय लीडपासूनच लागते. तुम्ही स्वतः "जरा कॉल करतोस का?" लिहित राहिलात तर बाकी कुणी सविस्तर लिहिणार नाही.

## टप्पा 4: निर्णयाची खिडकी ठरवा

निर्णयाचा प्रस्ताव मांडल्यापासून तो पक्का होईपर्यंत किती वेळ उघडा ठेवायचा? "24 तास" हे उत्तर वरवर न्याय्य दिसतं. ते का पुरत नाही ते बघा.

प्रस्ताव बुधवारी सकाळी 11 ला सॅन फ्रान्सिस्कोतून गेला. सिंगापूरमध्ये गुरुवारची पहाट आहे. तिथला सहकारी गुरुवारी सकाळी 10 ला वाचतो आणि एक शंका विचारतो. सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा बुधवारची संध्याकाळ, 7 वाजलेले, ऑफिस रिकामं. लीड ती शंका गुरुवारी सकाळी 8 ला वाचून लगेच उत्तर देतो, पण तेव्हा सिंगापूरमध्ये रात्रीचे 11 वाजलेले असतात. तीन तासांनी खिडकी बंद. सहकाऱ्याने प्रस्ताव वाचला, प्रश्नही विचारला, पण उत्तर वाचून मत देण्याची संधी त्याला मिळालीच नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र "सगळ्यांना विचारलं होतं" असंच दिसतं.

म्हणून तास मोजू नका, कामाचे दिवस मोजा. प्रत्येक ठिकाणी कामाचे दोन पूर्ण दिवस मिळायला हवेत, पहिला शंकेसाठी, दुसरा मतासाठी. बुधवारी 11 चा प्रस्ताव शुक्रवारी 11 ला बंद केला तर सिंगापूरला गुरुवार आणि शुक्रवार मिळतात. पण तोच प्रस्ताव गुरुवारी 11 ला गेला तर सिंगापूरचा शुक्रवार उजाडणार असतो आणि त्यानंतर सुट्टी, म्हणून त्याची मुदत सोमवार 11 पर्यंत. शुक्रवारी 11 ला गेलेल्याची मंगळवार. मध्ये कुठल्याही ठिकाणची सार्वजनिक सुट्टी आली की एक दिवस वाढवा.

गप्प राहणं म्हणजे होकार धरायचा का? सहज मागे घेता येण्यासारखी गोष्ट असेल तर हो, आणि ते प्रस्तावातच लिहा. जे उलटवणं अवघड आहे, जसं कामाची जबाबदारी हलवणं, तारीख जाहीर करणं, माणूस निवडणं, त्यात प्रत्येक ठिकाणच्या किमान एकाचं स्पष्ट उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि खरोखर तातडीचं असेल तर? मग थांबू नका. ठरवा, काय ठरवलं आणि का ते लगेच लिहा आणि त्यावर "तातडीचा" असा शिक्का मारा. महिनाअखेरीस हे शिक्के मोजा. निम्मे निर्णय तातडीचे निघाले तर तातडी खोटी आहे.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी एखादी मीटिंग मुद्दाम रद्द करून बघा. त्या आठवड्यात कुणाचं काम अडलं? अडलं असेल तर निर्णय अजून तोंडीच होत आहेत. टप्पा 3 वर परत जा.

## टप्पा 5: आता रोटेशन लावा

प्रत्येक वेळेला त्रासाचे गुण द्या. पद्धत साधी ठेवा. सकाळी 9 ते संध्याकाळी 6 ला शून्य. सकाळी 7 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ला एक. सकाळी 6 ते 7 आणि रात्री 9 ते 11 ला तीन. रात्री 11 ते सकाळी 6 बंद, तिथे मीटिंग नाहीच. आकडे तुमच्या टीमप्रमाणे बदला, पण रात्रीचा तास सकाळच्या तासापेक्षा बराच महाग ठेवा.

आपल्या टीमची मीटिंग आजवर दर आठवड्याला यूटीसी 14:00 ला होते असं धरा. उन्हाळ्यात ते सॅन फ्रान्सिस्कोत सकाळी 7, बर्लिनमध्ये दुपारी 4, सिंगापूरमध्ये रात्री 10. सहा आठवड्यांत गुण होतात अनुक्रमे 6, 0 आणि 18. सिंगापूरची दोन माणसं हे वर्षानुवर्षं सोसतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती वेळेवर हजर असतात.

आता तीन वेळा शोधू.

| वेळ (यूटीसी, उन्हाळा) | सॅन फ्रान्सिस्को | बर्लिन | सिंगापूर |
|---|---|---|---|
| पहिली, 14:00 | सकाळी 7 (1) | दुपारी 4 (0) | रात्री 10 (3) |
| दुसरी, 05:00 | आदल्या रात्री 10 (3) | सकाळी 7 (1) | दुपारी 1 (0) |
| तिसरी, 00:00 | आदल्या संध्याकाळी 5 (0) | रात्री 2 (बंद) | सकाळी 8 (1) |

तिसऱ्या ओळीत बर्लिन बंद आहे. इथे अनेक लीड ओढाताण करतात, कारण त्यांना प्रत्येक मीटिंगला सगळे हवे असतात. मग बर्लिनला मध्यरात्री बोलावलं जातं, नाहीतर सिंगापूरला पहाटे. माझं ठाम मत आहे की तिसऱ्या आठवड्यात बर्लिनला सरळ सुट्टी द्यावी. टप्पा 4 पक्का असेल तर त्यात काहीच बिघडत नाही. सहा आठवड्यांचे गुण आता 8, 2 आणि 8 येतात, आणि बर्लिनच्या वाट्याला दोन गैरहजेऱ्या. सगळं समसमान झालं नाही, पण 18 आणि 0 पेक्षा कितीतरी बरं.

गैरहजेरीच्या आठवड्यासाठी दोन नियम लागतात. बर्लिनचे प्रश्न आदल्या दिवशी लेखी घ्यायचे आणि मीटिंगची सुरुवात त्यांनीच करायची, शेवटी वेळ उरला तर नव्हे. आणि त्या मीटिंगमध्ये कुठलाही निर्णय अंतिम करायचा नाही, फक्त प्रस्ताव मांडून टप्पा 4 ची खिडकी उघडायची. रेकॉर्डिंग ठेवा, पण त्यावर विसंबू नका. 45 मिनिटांचं रेकॉर्डिंग क्वचितच कुणी शेवटपर्यंत बघतं. दहा ओळींची नोंद लिहा आणि तिच्या तळाशी "बर्लिनकडून यावर मत हवं" असा एक नेमका प्रश्न टाका.

सावधान: वार निवडताना यूटीसीच्या मंगळवार ते गुरुवारातच राहा. सॅन फ्रान्सिस्कोची शुक्रवार संध्याकाळ म्हणजे सिंगापूरचा शनिवार, आणि सिंगापूरची सोमवार सकाळ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा रविवार.

## टप्पा 6: कॅलेंडरमध्ये वेळ कुणाच्या घड्याळाला बांधायची

कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची मीटिंग कुठल्यातरी एका टाइम झोनला बांधलेली असते, आणि काही निवडलं नाही तर सहसा ती बनवणाऱ्याच्या झोनला. घड्याळं बदलली की त्या झोनची वेळ टिकते आणि बाकीच्यांची सरकते. पहिली मीटिंग सॅन फ्रान्सिस्कोच्या सकाळी 7 ला बांधलेली असेल तर हिवाळ्यात सिंगापूरची मीटिंग रात्री 10 वरून 11 वर जाते. कुणी ठरवलेलं नसतं, कुणाला विचारलेलं नसतं.

नियम असा ठेवा: ज्याची वेळ सर्वात वाईट, त्याच्या झोनला मीटिंग बांधा. पहिली मीटिंग `Asia/Singapore` मध्ये 22:00 ला. मग हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला सकाळी 6 मिळतात, गुण एकाचे तीन होतात, आणि हा बदल लीडला स्वतःलाच जाणवतो. तेव्हा तक्ता नव्याने मांडायचा आणि हवं तर पहिली वेळ कमी वेळा घ्यायची.

अमेरिका आणि युरोप एकाच दिवशी घड्याळ बदलत नाहीत. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. 2026 मध्ये 8 ते 29 मार्च आणि 25 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर या काळात सॅन फ्रान्सिस्को आणि बर्लिन यांच्यातलं अंतर 9 ऐवजी 8 तासांचं आहे. या आठवड्यांत आपली दुसरी वेळ मोडते: सॅन फ्रान्सिस्कोत रात्रीचे 10 धरले तर बर्लिनमध्ये सकाळचे 6, बर्लिनचे 7 धरले तर तिकडे 11. तेवढ्यापुरती दुसरी वेळ वगळा.

तपासणी: या चार तारखा टीमच्या कॅलेंडरवर आत्ताच टाका, आणि प्रत्येकीच्या दोन आठवडे आधी तक्ता बघण्याची आठवण लावा.

## टप्पा 7: कोण नकळत बाहेर राहतंय ते शोधा

रोटेशन नीट चालू असूनही माणसं बाहेर राहतात, आणि हे वगळणं कुणी मुद्दाम केलेलं नसतं. मीटिंग संपते, सॅन फ्रान्सिस्कोतले तिघे कॉलवर रेंगाळतात, गप्पांत एक कल्पना निघते, जेवेपर्यंत तिचा निर्णय होतो. सिंगापूरला दुसऱ्या दिवशी तो तयार कळतो. चांगली कामंही अशीच वाटली जातात: लीडला मदत लागते तेव्हा जो जागा असतो त्याला विचारलं जातं, तोच माणूस तयार होतो, पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच विचारलं जातं. वर्षअखेरीला त्याच्या नावावर तीन मोठी कामं असतात आणि बर्लिनमधल्या तितक्याच हुशार माणसाच्या नावावर दुरुस्त्या.

हे नजरेने दिसत नाही, कागदावर दिसतं. शेवटचे दहा निर्णय घ्या. प्रत्येकासमोर लिहा: ही कल्पना पहिल्यांदा कुठे आणि किती वाजता निघाली, तेव्हा कोण जागं होतं, पक्की होण्यापूर्वी कुणाच्या मताने ती बदलली. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा. दहा निर्णयांत सिंगापूरच्या मताने एकही बदलला नसेल तर त्यांना विचारलं जात असेल, पण खूप उशिरा.

असं दिसलं तर तीन गोष्टी बदला. तोंडी गप्पांतून निघालेली गोष्ट नेहमी "प्रस्ताव" म्हणूनच लिहायची, मग खोलीतले सगळे कितीही सहमत असोत. नवं मोठं काम कुणाला द्यायचं ते दोन दिवस उघडं ठेवायचं, ज्याने आधी हात वर केला त्याला नाही. आणि लीडने प्रत्येकाशी होणारा वैयक्तिक कॉल त्या माणसाच्या सोप्या तासांत घ्यायचा, स्वतःची संध्याकाळ देऊन. दिवसाच्या शेवटी दमून आलेला माणूस लीडला अडचण सांगत नाही, "सगळं ठीक" सांगतो.

पटकन उत्तर देणाऱ्यालाच कामसू समजण्याची सवयही तपासा. कामाचा आढावा लिहिताना "नेहमी लगेच उपलब्ध असतो" हे वाक्य आलं तर खोडा. ते बहुतेक वेळा तुमच्याच टाइम झोनमध्ये राहण्याचं कौतुक असतं.

हा दहा निर्णयांचा कागद आणि त्रासाच्या गुणांचा तक्ता दर तिमाहीला टीमसमोर ठेवा. सोबत प्रत्येकाला वेगळं विचारा की "बंद" तासांत काही बदललं आहे का. घर बदलतं, मूल होतं, आईवडिलांचं आजारपण येतं, आणि सहा महिन्यांपूर्वी सोपी असलेली सकाळी 7 ची वेळ आता सोपी राहिलेली नसते.